लीड्स कौन्सिलकडे माहिती मागताना: उत्तर देता येईल असा प्रश्न

ब्रिटनमधील फ्रीडम ऑफ इन्फर्मेशन ॲक्ट 2000 साली मंजूर झाला आणि 1 जानेवारी 2005 पासून नागरिकांना तो वापरता येऊ लागला. भारताचा माहिती अधिकार कायदाही त्याच वर्षी ऑक्टोबरात लागू झाला. इंग्लंडच्या कायद्याने अर्जदाराला दोन हक्क दिले आहेत. मागितलेली माहिती कार्यालयाकडे आहे की नाही हे कळण्याचा हक्क पहिला, आणि असल्यास ती मिळण्याचा दुसरा. माहिती म्हणजे अर्ज पोहोचला त्या वेळी कुठल्या तरी स्वरूपात नोंदलेली गोष्ट: फाइल, ईमेल, तक्ता, डेटाबेसमधील नोंद, बैठकीचे इतिवृत्त, ध्वनिमुद्रण. अधिकाऱ्याच्या मनात काय होते, त्याला काय वाटते, निर्णय योग्य होता का, या गोष्टी कुठे लिहिलेल्या नसतील तर कायद्याच्या दृष्टीने ती माहितीच नव्हे. मसुदा लिहिताना होणाऱ्या बहुतेक चुका ही एक गोष्ट नजरेआड झाल्याने होतात.

महाराष्ट्रात माहिती अधिकाराचा अर्ज केलेल्या व्यक्तीला लीड्समध्ये काही सवयी सोडाव्या लागतात. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावण्यासारखी अर्जाची फी इथे नाही. छायाप्रती आणि टपाल यांचा खर्च तेवढा मागितला जाऊ शकतो, आणि ईमेलने उत्तर घेतल्यास तोही सहसा येत नाही. भारतात अर्जदार भारताचा नागरिक असावा लागतो. इथे तशी अट नाही. विद्यार्थी व्हिसावर आलेली व्यक्ती आणि तीस वर्षे लीड्समध्ये घर करून राहिलेली व्यक्ती यांचा हक्क सारखाच, किंबहुना पुण्यात बसूनही लीड्स सिटी कौन्सिलकडे अर्ज करता येतो. महाराष्ट्राच्या 2012 च्या नियमांनी घातलेली दीडशे शब्दांची आणि एकाच विषयाची मर्यादा इथे नाही. तरीही ती मर्यादा स्वतःहून पाळणारा अर्जदार इथेही फायद्यात राहतो.

वैध अर्जाला तीन गोष्टी पुरतात. अर्ज लेखी असावा, त्यावर खरे नाव आणि उत्तर पाठवण्याचा पत्ता असावा, आणि कोणती माहिती हवी याचे वर्णन असावे. ईमेलचा पत्ता चालतो. नावाबाबत मराठी माणसांना प्रश्न पडतो, कारण पासपोर्टवर वडिलांचे किंवा नवऱ्याचे नाव मधे असते. पूर्ण नाव लिहायची गरज नाही. आद्याक्षर आणि आडनाव, किंवा श्रीमती आणि आडनाव एवढेही ग्राह्य धरले जाते. लग्नापूर्वीचे आडनावही चालते. नुसते पहिले नाव किंवा टोपणनाव मात्र चालत नाही, आणि तेवढ्या कारणावरून अर्ज अवैध ठरू शकतो. माहिती कशासाठी हवी हे सांगावे लागत नाही, आणि सांगू नये हेच बरे. कारण लिहायला घेतले की गाऱ्हाणे सुरू होते आणि प्रश्न त्यात बुडून जातो.

आता एक प्रत्यक्ष प्रकरण. 20 ते 24 जून 2025 या दिवसांत हेडिंग्लेच्या मैदानावर भारत आणि इंग्लंड यांची कसोटी झाली. इंग्लंडने 371 धावांचे लक्ष्य पाच गडी राखून गाठले. सामन्याच्या दिवशी मैदानाभोवतीच्या सेंट मायकेल्स लेन, कार्डिगन रोड, कर्कस्टॉल लेन अशा रस्त्यांवर गाड्यांची गर्दी होते, आणि गर्दीबरोबर पार्किंगच्या दंडाच्या नोटिसाही येतात. अशा रस्त्यावर राहणाऱ्या एखाद्या कुटुंबाला कसोटीच्या दिवसांत नोटिसा खरोखरच वाढल्या का, हे कौन्सिलकडून जाणून घ्यायचे आहे असे समजू. संतापाच्या भरात लिहिलेला पहिला मसुदा साधारण असा उतरतो:

«हेडिंग्ले कसोटीच्या वेळी आमच्या भागात पार्किंगची तिकिटे मनमानी पद्धतीने का दिली? वॉर्डनना टार्गेट दिले होते का? यातून कौन्सिलने किती पैसे कमावले? गेल्या काही वर्षांत किती लोकांनी तक्रारी केल्या, त्या कोणत्या कारणांसाठी होत्या आणि त्यांचे काय झाले? या विषयावरचा सर्व पत्रव्यवहार द्यावा.»

यातल्या एकाही वाक्यातून उपयोगी उत्तर मिळत नाही, आणि प्रत्येक वाक्याची अडचण वेगळी आहे.

‘का’ने सुरू झालेला प्रश्न कारण मागतो, नोंद मागत नाही. हा तिढा भारतातही सुटलेला आहे. मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने सेल्सा पिंटो प्रकरणात 2008 साली स्पष्ट केले, की अमुक गोष्ट का केली किंवा का केली नाही याचे उत्तर माहितीच्या व्याख्येत बसत नाही. इंग्लंडमध्येही तोच नियम चालतो. पण ‘का’ विचारायला बंदी आहे असा याचा अर्थ नाही. निर्णय घेताना काही लिहिले गेले असेल तर ते लिखाण मागता येते. त्या दिवसांसाठी वॉर्डनच्या पथकाला दिलेली लेखी सूचना, सामन्याच्या वाहतूक नियोजनाचे टिपण, रस्त्यावर तात्पुरते निर्बंध घालणारा आदेश हे सगळे कागद आहेत. ते मागितले की कारण बहुधा त्यांतूनच कळते. असा कागद नसेल तर कौन्सिलला ‘नोंद नाही’ असे सांगावे लागते, आणि पुष्कळदा हे उत्तर कागदाइतकेच बोलके असते. ‘मनमानी’ हा शब्द तर काढूनच टाकावा. तो आरोप आहे. त्याला होकार किंवा नकार देणारी नोंद कुठल्याच कार्यालयात सापडत नाही.

टार्गेटविषयीचा प्रश्न होय-नाहीचा आहे. नोटिसांच्या संख्येचे उद्दिष्ट ठेवू नये, असे सरकारी मार्गदर्शक सूचना सांगतात. त्यामुळे ‘नाही’ हे एका शब्दाचे उत्तर येईल आणि ते खरेही असेल. इथेही कागद मागणे अधिक उपयोगी ठरते: जून 2025 मध्ये लागू असलेले, पार्किंग पथकाच्या कामाचे मोजमाप कोणत्या निकषांवर होते हे सांगणारे दस्तऐवज.

‘किती पैसे कमावले’ हा प्रश्न सोपा दिसतो, पण फसवा आहे. नोटीस जूनमध्ये निघते आणि पैसे कधीही येतात. चौदा दिवसांत भरल्यास दंड निम्मा होतो. हरकत घेतली तर महिनोन्‌महिने काहीच जमा होत नाही, आणि नोटीस रद्द झाली तर कधीच होत नाही. जूनमध्ये जमा झालेले पैसे आणि जूनच्या नोटिसांपोटी जमा झालेले पैसे हे दोन वेगळे आकडे असतात. कोणता हवा हे अर्जदाराने सांगितले नाही तर कौन्सिल आपल्या सोयीचा आकडा देईल, आणि त्यात गैर काहीच नसेल.

‘गेल्या काही वर्षांत’ आणि ‘सर्व पत्रव्यवहार’ या शब्दांनी अर्ज खर्चाच्या मर्यादेवर आपटतो. त्याआधी या नोंदी कुठे आणि कशा साठतात हे पाहिले पाहिजे, कारण प्रश्न नोंदींच्या आकारात बसवण्यावरच सगळे अवलंबून आहे.

रस्त्यावरच्या पार्किंगची दंडाची नोटीस कौन्सिलचा वॉर्डन हातातल्या यंत्रावर तयार करतो. तिच्यावर तारीख, वेळ, गाडीचा क्रमांक, रस्ता, दंडाची रक्कम आणि उल्लंघनाचा सांकेतिक क्रमांक असतो. हे क्रमांक देशभर ठरलेले आहेत: 01 म्हणजे बंदीच्या वेळेत पिवळ्या रेषेवर गाडी उभी करणे, 12 म्हणजे रहिवाशांच्या जागेत परवान्याविना गाडी लावणे. पुढे दंड भरला, हरकत आली, नोटीस रद्द झाली, प्रकरण ट्रॅफिक पेनल्टी ट्रिब्युनलकडे गेले, अशा टप्प्यांच्या नोंदी त्याच प्रणालीत होतात. याचा अर्थ रस्ता, तारीख, सांकेतिक क्रमांक आणि सद्यस्थिती यांनुसार मोजणी मागितली तर ती गाळणी लावून बाहेर काढता येते. हरकतीचे कारण मात्र गाडीवाल्याच्या पत्रात त्याच्या शब्दांत लिहिलेले असते. पाटी दिसत नव्हती, मुलाला आणायला गेलो होतो, यंत्र बंद होते. ही कारणे मोजायची तर कुणीतरी प्रत्येक पत्र उघडून वाचले पाहिजे.

इथे कायद्यातले कलम 12 आडवे येते. लीड्स कौन्सिलसारख्या स्थानिक संस्थेला एका अर्जावर 450 पौंडांपेक्षा जास्त खर्च होणार असेल तर ती अर्ज नाकारू शकते. केंद्र सरकारच्या खात्यांसाठी ही रक्कम 600 पौंड आहे. कर्मचाऱ्याचा तास 25 पौंडांचा धरायचा असतो, म्हणजे कौन्सिलच्या वाट्याला अठरा तास येतात. माहिती आहे का हे ठरवणे, ती शोधणे, बाहेर काढणे आणि मोठ्या कागदातून हवा तेवढा भाग वेगळा करणे, एवढ्याच कामांचा वेळ यात धरता येतो. नावे खोडण्याचा किंवा माहिती देण्याजोगी आहे का यावर विचार करण्याचा वेळ धरता येत नाही. एक पत्र वाचून कारण टिपायला चार मिनिटे लागतात असे मानले तर अठरा तासांत 270 पत्रे होतात. लीड्ससारख्या शहरात काही वर्षांच्या हरकती कितीतरी पटींनी जास्त असणार. आणि खरी गोम पुढे आहे: एका अर्जातला एकच प्रश्न मर्यादा ओलांडत असला तरी कौन्सिलला संपूर्ण अर्ज नाकारता येतो. पहिल्या मसुद्यातल्या त्या एका ‘कोणत्या कारणांसाठी’ने बाकीचे सोपे प्रश्नही बुडाले असते.

प्रश्न वेगवेगळ्या अर्जांत विभागून ही मर्यादा चुकवता येईल असे वाटते, पण ती वाट बंद आहे. एकाच माणसाने, किंवा संगनमताने वागणाऱ्या अनेकांनी, साठ कामकाजाच्या दिवसांत एकाच विषयावर केलेल्या अर्जांचा खर्च एकत्र मोजता येतो. नवऱ्याने एक आणि बायकोने दुसरा अर्ज पाठवला म्हणून वेळ दुप्पट होत नाही.

आता कालावधी. कसोटीचे पाच दिवस तेवढे मागितले तर आकडा मिळेल, पण तो जास्त की कमी हे कशावरून ठरवायचे? आधीचा आठवडा तुलनेला घ्यावा असे पटकन सुचते. हेडिंग्लेत तेही धोक्याचे आहे, कारण क्रिकेटच्या मैदानाला पाठ लावून लीड्स ऱ्हायनोजचे रग्बीचे मैदान उभे आहे, आणि ज्या आठवड्यात क्रिकेट नाही त्या आठवड्यात रग्बी असू शकते. म्हणून तुलनेचे दिवस कौन्सिलकडून ठरवून घेऊ नयेत. संपूर्ण जून महिन्याचा दिवसवार आकडा मागावा आणि सामन्यांची कार्यक्रमपत्रिका शेजारी ठेवून तुलना स्वतः करावी. प्रणालीला पाच दिवस काढायला लागतो तेवढाच वेळ तीस दिवस काढायला लागतो.

जागेबाबतही असेच. ‘आमच्या भागात’ म्हणजे काय, हे अर्ज हाताळणाऱ्या अधिकाऱ्याने ओळखायचे नसते. पोस्टकोड सुचतो, पण नोटिशीत नोंद रस्त्याच्या नावाने होते. कौन्सिलच्या नकाशावर ‘हेडिंग्ले अँड हाइड पार्क’ हा प्रभाग आहे, तरी मैदानाजवळचे काही रस्ते त्याच्या हद्दीबाहेर असू शकतात. रस्त्यांची नावे लिहिलेली सगळ्यांत सुरक्षित. त्याहून महत्त्वाचे म्हणजे नोटीस कौन्सिलचीच आहे ना हे तपासणे. खासगी वाहनतळावर कंपनी देते ती ‘पार्किंग चार्ज नोटीस’, आणि कौन्सिल देते ती ‘पेनल्टी चार्ज नोटीस’. दोन्हींची इंग्रजी आद्याक्षरे एकच, दोन्ही बहुधा काचेवर चिकटवलेल्या. खासगी कंपनीला आणि क्रिकेट क्लबला हा कायदा लागू नाही. त्यांच्या वाहनतळाबद्दल विचारले तर ‘नोंद नाही’ एवढेच उत्तर मिळेल.

या सगळ्याचा विचार करून लिहिलेला अर्ज इंग्रजीतच पाठवायचा असतो. त्याचा मजकूर मराठीत असा होईल:

«विषय: फ्रीडम ऑफ इन्फर्मेशन ॲक्ट, 2000 अन्वये माहितीची मागणी.

सेंट मायकेल्स लेन, कार्डिगन रोड आणि कर्कस्टॉल लेन या तीन रस्त्यांसंबंधी पुढील नोंदलेली माहिती द्यावी.

1. 1 जून ते 30 जून 2025 या काळात कौन्सिलने पार्किंगसाठी दिलेल्या दंडाच्या नोटिसांची संख्या; प्रत्येक रस्त्यासाठी, प्रत्येक दिवसासाठी आणि उल्लंघनाच्या प्रत्येक सांकेतिक क्रमांकासाठी वेगळी.

2. प्रश्न 1 मधील नोटिसांपैकी, माहिती काढल्याच्या तारखेस, किती नोटिसांचा दंड पूर्ण भरला गेला, किती रद्द झाल्या आणि किती प्रलंबित आहेत. ती तारीख नमूद करावी.

3. 20 ते 24 जून 2025 या दिवसांसाठी या रस्त्यांवरील पार्किंग किंवा वाहतुकीवर तात्पुरते निर्बंध घालणारा आदेश असल्यास त्याची प्रत.

4. याच पाच दिवसांसाठी पार्किंग पथकाला दिलेल्या लेखी सूचना असल्यास त्यांची प्रत. कर्मचाऱ्यांची नावे वगळल्यास हरकत नाही.

प्रश्न 1 आणि 2 ची उत्तरे सीएसव्ही फाइलमध्ये ईमेलने द्यावीत. खर्चाच्या मर्यादेमुळे संपूर्ण मागणी पूर्ण करता येणार नसेल तर मागणी कशी कमी करावी हे कलम 16 अन्वये कळवावे. तशा स्थितीत प्रश्न 1 ला प्राधान्य द्यावे.»

खाली नाव आणि ईमेलचा पत्ता. एवढेच.

या मजकुरातल्या काही जागांवर थांबण्यासारखे आहे. ‘असल्यास’ हा शब्द तिसऱ्या आणि चौथ्या प्रश्नात मुद्दाम आहे. तो नसेल तर कागद आहेच असे गृहीत धरल्यासारखे होते, आणि असे गृहीतक चुकीचे निघाले की स्पष्टीकरणाचा पत्रव्यवहार सुरू होतो. दुसऱ्या प्रश्नातली ‘माहिती काढल्याच्या तारखेस’ ही अट प्रलंबित प्रकरणांसाठी आहे. ती नसेल तर महिन्याभराने त्याच प्रश्नाचे वेगळे उत्तर आले असता कोणीतरी खोटे बोलत आहे असा समज होतो. कर्मचाऱ्यांची नावे आपणहून सोडून दिल्याने वैयक्तिक माहितीच्या कलम 40 वरचा वाद टळतो. नावांनी अर्जदाराचे काही साधणारही नव्हते.

मजकुरात नसलेला एक प्रश्नही ध्यानात घ्यावा. त्या दिवशी किती वॉर्डन, किती वाजता, कोणत्या मार्गाने फिरत होते हे विचारावेसे वाटते. अशी माहिती उघड केल्याने कायद्याच्या अंमलबजावणीला बाधा येते, या मुद्द्यावर कलम 31 खाली नकार येऊ शकतो. हे कलम सार्वजनिक हिताच्या कसोटीला बांधलेले आहे, त्यामुळे भांडायला जागा असते. पण सोप्या चार प्रश्नांच्या सोबतीला असा प्रश्न देऊन अर्ज लांबवण्यात शहाणपण नाही. तो पुढच्या अर्जासाठी राखून ठेवावा.

सीएसव्ही फाइलची मागणी थोडी तांत्रिक वाटेल. कायदा अर्जदाराला स्वरूपाची पसंती कळवण्याचा हक्क देतो, आणि शक्य असेल तिथे कार्यालयाने ती मानायची असते. पीडीएफमधले आकडे पुन्हा टाइप करावे लागतात, म्हणून पूर्वी अर्जदार एक्सेल मागत. ऑगस्ट 2023 मध्ये उत्तर आयर्लंडच्या पोलिसांनी अशाच एका अर्जाला उत्तर देताना पाठवलेल्या स्प्रेडशीटमध्ये सुमारे दहा हजार कर्मचाऱ्यांची नावे आणि तपशील राहून गेले. त्यानंतर माहिती आयुक्तांच्या कार्यालयाने मूळ एक्सेल फाइली अशा रीतीने देणे बंद करा असे सर्व संस्थांना सांगितले. सीएसव्हीमध्ये लपलेली पाने राहू शकत नाहीत. म्हणून देणाऱ्याला ती सोयीची आणि घेणाऱ्याला वापरता येण्याजोगी.

अर्ज पाठवण्यापूर्वी एक काम राहते: हवी ती माहिती आधीच प्रसिद्ध झाली आहे का हे बघणे. पार्किंगचे वार्षिक हिशेब, शाळाप्रवेशाचे आकडे, मोठ्या खर्चांच्या याद्या कौन्सिल स्वतःच प्रसिद्ध करते. असा आकडा मागितला तर कलम 21 खाली दुवा पाठवून प्रकरण मिटवले जाते, आणि तेवढे करायला त्यांना वीस दिवस असतात. विषय हवा, आवाज, झाडे, कचरा अशा पर्यावरणाच्या अंगाचा असेल तर 2004 ची पर्यावरण माहिती नियमावली लागू होते. तिच्यात वर सांगितलेली अठरा तासांची मर्यादा नाही, आणि तोंडी मागणीही चालते. कोणता कायदा लागू होतो हे ठरवणे कौन्सिलचे काम आहे, अर्जदाराने चुकीचे नाव लिहिले म्हणून हक्क जात नाही. स्वतःच्या नोटिशीचा किंवा मुलाच्या शाळेच्या फाइलीचा तपशील हवा असेल तर मात्र हा कायदा नव्हे, डेटा संरक्षण कायद्याखालची मागणी करावी. ती वेगळ्या खिडकीतून जाते आणि तिची मुदत एक महिना असते.

उत्तराची मुदत वीस कामकाजाचे दिवस. अर्ज पोहोचल्यानंतरच्या पहिल्या कामकाजाच्या दिवसापासून मोजणी सुरू होते. शनिवार, रविवार आणि युनायटेड किंग्डमच्या कोणत्याही भागातल्या बँक हॉलिडेचा दिवस त्यात धरत नाहीत. हे ‘कोणत्याही भागातल्या’ लीड्सकरांच्या लक्षात येत नाही. वरचा अर्ज मंगळवारी 1 जुलै 2025 रोजी पोहोचला असता तर साध्या हिशेबाने मुदत 29 जुलैला संपली असती. पण 14 जुलैला उत्तर आयर्लंडमध्ये सुट्टी होती, म्हणून खरी मुदत 30 जुलै. एका दिवसासाठी तक्रारीचे पत्र धाडून नंतर ओशाळण्यापेक्षा कॅलेंडर नीट पाहावे. कौन्सिलने मधेच स्पष्टीकरण मागितले आणि ती मागणी रास्त असेल तर घड्याळ थांबते, आणि स्पष्टीकरण पोहोचल्यावर नव्याने सुरू होते. त्यामुळे अशा ईमेलला त्याच दिवशी उत्तर देण्यात अर्जदाराचा फायदा असतो.

आलेले उत्तर तपासताना आधी प्रश्न आणि उत्तरे समोरासमोर ठेवावीत. तीन रस्ते मागितले होते, तीनच आले का? तीस दिवसांपैकी ज्या दिवशी एकही नोटीस नव्हती तिथे शून्य लिहिले आहे, की ओळच गायब आहे? ओळ गायब असेल तर त्या दिवशी नोटीस नव्हती की नोंद नव्हती हे कळत नाही, आणि तेवढे विचारणारा एक ओळीचा ईमेल पुरतो. प्रश्न 2 मधल्या भरलेल्या, रद्द झालेल्या आणि प्रलंबित नोटिसांची बेरीज प्रश्न 1 मधल्या एकूण संख्येशी जुळते का? जुळत नसेल तर अर्धवट भरलेला दंड किंवा वसुली सोडून दिलेली प्रकरणे अशी आणखी एखादी वर्गवारी असावी. अशी तफावत म्हणजे लपवाछपवी असे लगेच मानू नये. बहुतेकदा मागणीतल्या विभागणीतच एक खाना कमी पडलेला असतो, आणि वरच्या मसुद्यातही तो कमी आहे. ‘आणि इतर कोणत्याही स्थितीत किती’ एवढे शब्द दुसऱ्या प्रश्नात घातले की तो भरून निघतो.

नकार आला तर तो लेखी हवा, आणि कोणत्या कलमाखाली व का, हे त्यात सांगितलेले हवे. खर्चाच्या मर्यादेचा नकार असेल तर तासांचा हिशेब मागावा: किती नोंदी, प्रत्येकीला किती मिनिटे. पुष्कळदा या हिशेबातून नोंदी कशा साठवल्या आहेत हे प्रथमच कळते, आणि पुढचा अर्ज अचूक लिहिता येतो. हे जमत नसेल तर अंतर्गत फेरविचार मागायचा. महाराष्ट्रातल्या पहिल्या अपिलाचा हा इथला भाऊबंद. तो त्याच संस्थेतला दुसरा अधिकारी करतो. उत्तर मिळाल्यापासून चाळीस कामकाजाच्या दिवसांच्या आत ही मागणी करावी. फेरविचाराच्या पत्रातही नवा प्रश्न घालू नये. कोणत्या प्रश्नाचे कोणते उत्तर मान्य नाही आणि का, तेवढेच लिहावे. नवा प्रश्न म्हणजे नवा अर्ज, आणि त्याचे वीस दिवस वेगळे.

फेरविचारानंतरही समाधान झाले नाही तर माहिती आयुक्तांच्या कार्यालयाकडे तक्रार करता येते. शेवटच्या उत्तरानंतर सहा आठवड्यांत ती पोहोचावी अशी त्यांची अपेक्षा असते. सोबत मूळ अर्ज, उत्तर, फेरविचाराची मागणी आणि तिचे उत्तर जोडावे. आयुक्तांचा लेखी निर्णयही पटला नाही तर अर्जदाराला आणि कौन्सिललाही अठ्ठावीस दिवसांत फर्स्ट-टियर ट्रिब्युनलकडे जाता येते.